बत्तीस लेक्चरांची खरखर

विश्वनाथ खोडके यांना चंदीगडला मी आणलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कोणाकोणावर चिडले तर त्यात मी स्वतःही आहे हे लक्षात राहील.

माझे यजमान इथल्या विद्यापीठात शिकवायचे आणि मी सेक्टर चौतीसमधल्या एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री. २००१ साली आमचा फिजिक्सचा मास्तर ऐन नोव्हेंबरात पळाला. मालक नरेशजी डोकं धरून बसले. यजमानांच्या एका विद्यार्थ्याच्या ओळखीतून अकोल्याचे खोडके कळले. एम.एस्सी.ला पहिला वर्ग, घरी नुकतंच लग्न झालेलं, आणि नोकरी कुठेच नाही. मीच फोन केला. ‘एक वर्ष काढा, तोवर तिकडे काहीतरी होईल,’ असं मीच म्हणाले. एका वर्षाची सहा वर्षं झाली.

चंदीगडला लागूनच्या मनीमाजऱ्यात एका रजाया भरणाऱ्याच्या दुकानावर त्यांची खोली होती. नाका-कानात कापूस जातो म्हणून ते खिडकी उघडायचे नाहीत, आणि उन्हाळ्यात खिडकी न उघडता तिथे कसं राहायचे ते त्यांनाच ठाऊक. बायको मंजिरी अकोल्याला शाळेत शिक्षिका. मुलगी कादंबरी पाच वर्षांची. वर्षातून दोनदा बाबा येतात आणि दहा दिवसांनी जातात, एवढाच तिचा बापाशी संबंध. फोनवर ती त्यांना ‘तुम्ही’ म्हणायची. विदर्भातल्या घरात पाच वर्षांची पोर बापाला अहो-जाहो करते म्हणजे तिने त्याला पाहुणाच ठरवलेलं असतं. हे खोडकेसरांनी मला एकदा हसत सांगितलं होतं. मला काही हसू आलं नाही.

वर्गात मात्र माणूस राजा होता. हिंदी बोलायचे ती पक्की वऱ्हाडी. ‘करंट इधर से जाऊन रहा है’ म्हणाले की मागच्या बाकावरची सरदारांची पोरं टेबलं बडवायची. खोडकेसर स्वतःही हसायचे. पण गणितात तिसऱ्या ओळीला चूक सापडली तर घंटा झाली असली तरी सगळा फळा पुसून पहिल्यापासून मांडायचे. ‘सर, बस तीसरी लाइन ठीक कर दो,’ पोरं विनवायची. सर ऐकायचे नाहीत. खाली उतरवून घेणाऱ्याच्या वहीत चूक राहता कामा नये, एवढं एकच सोवळं त्यांनी आयुष्यभर पाळलं.

आता आमच्या नरेशजींबद्दल. माणूस गोड, जेवायला वाढताना तर फारच गोड. फक्त नोकरीवर घेताना सगळी मूळ प्रमाणपत्रं मागून घ्यायचे आणि आपल्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात ठेवायचे. दहावीपासून एम.एस्सी.पर्यंत सगळी. मास्तर वर्षाच्या मध्यात पळू नयेत म्हणून. त्या काळी बऱ्याच क्लासांत हे चालायचं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे. माझी मी दिली नव्हती, ‘सासरी आहेत’ म्हणून थाप मारली होती. खोडकेसरांनी दिली. त्यांना थाप मारता आली असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

२००७ च्या एप्रिलमध्ये अकोल्याच्या एका कॉलेजातून त्यांना नेमणुकीचं पत्र आलं. कायम नोकरी, घरापासून सायकलने दहा मिनिटं. पंचवीस जूनला सकाळी अकरापर्यंत मूळ प्रमाणपत्रांसह हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला जागा. सर पत्र घेऊन थेट नरेशजींच्या केबिनमध्ये गेले. नरेशजींनी चहा मागवला, अभिनंदन केलं आणि म्हणाले, “ज़रूर जाओ खोडके साहब. बस साठ लेक्चर रिकॉर्ड करके जाओ. साठ पास, कागज़ आपके.”

ही त्यांची नवी टूम. पूर्ण फिजिक्स सीडीवर घालायचं आणि उना, अबोहर, फाजिल्का असल्या गावांतल्या पोरांना पोस्टाने पाठवायचं. म्हणजे मास्तर गेला तरी त्याचा आवाज कामाला राहील. सरांनी तसं लिहून देऊन सही केली.

इंडस्ट्रियल एरियात नरेशजींच्या भावाची शेड होती, तिथे आमच्या नोट्स छापल्या जायच्या. त्या शेडच्या एका कोपऱ्यात प्लायवूडची खोली उभी केली, आतून फोम मारला. चार फूट बाय सहा फूट. पंखा नाही, कारण पंख्याचा आवाज येतो. खिडकी नाही, कारण छपाईच्या मशीनचा आवाज येतो. मे महिन्यात चंदीगडला बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस असतं, आत किती असेल याचा हिशेब फिजिक्सवाल्यांनी करावा. सर आत बनियनवर बसायचे, मांडीवर टॉवेल, आणि दार बाहेरून ढकलून लावावं लागायचं कारण आतून कडी नव्हती. मी माझा नंबर यायची वाट बघत बाहेर स्टुलावर बसायचे. माझे फक्त दहा लेक्चर होते आणि मी संध्याकाळी सातनंतरच आत जायचे, तेवढी हुशारी माझ्यात आहे.

रेकॉर्डिंग सांभाळायचा सुरेश. मूळचा नोट्स टाइप करणारा, पस्तिशीचा, कामाला प्रामाणिक. त्याचा कॉम्प्युटर शेडच्या दुसऱ्या बाजूला, स्विचबोर्डाजवळ. तिथून चार मीटरची जोडकेबल फरशीवरून खोलीपर्यंत यायची, पुढे तिला इंटरफेसची स्वतःची दीड मीटरची केबल. इंटरफेस म्हणजे माईकचा आवाज कॉम्प्युटरला समजेल असा करून देणारी चांदीच्या रंगाची डबी. ती सरांच्या समोरच्या फळीवर, आणि तिला दोन कंडेन्सर माईक. एक तोंडासमोर, एक जरा लांब. दोन कशाला? तर नरेशजींनी कुठल्याशा जाहिरातीत दोन बघितले होते. हे माईक नुसते लावून चालत नाहीत, त्यांना त्याच तारेतून अठ्ठेचाळीस व्होल्ट पोचवावे लागतात. त्याला फँटम पॉवर म्हणतात. डबीवरचं बटण दाबलं की लाल दिवा लागतो आणि माईक जिवंत होतात. रेकॉर्डिंग चालू असेपर्यंत शेजारी एक हिरवा ठिपकाही पेटलेला असतो.

पहिल्याच दिवसापासून आवाजात खरखर. कढईत मोहरी तडतडावी तशी, मध्येच. सर नीट बोलत असायचे आणि एखादा शब्द तडतडीत जायचा. सुरेशने कोणाला तरी फोन लावून विचारलं. तिकडून उत्तर आलं, बफर वाढव. कॉम्प्युटर आवाजाचे छोटे छोटे घास घेतो. घास फार लहान असला तर तो वेळेत गिळू शकत नाही आणि मध्ये तुटतो, मग घास मोठा करायचा. सुरेशने आकडा १२८ वरून २५६ केला. जरा फरक पडला. ५१२ केला, अजून जरा. १०२४ वर नेला, मग काहीच फरक पडेना. उलट घास मोठा झाल्याने उशीर वाढला. सरांच्या कानातल्या हेडफोनमध्ये त्यांचाच आवाज मागाहून यायला लागला. बोलणारा अडखळतो त्याने. आपलंच वाक्य मागून धक्का मारतं. वर्गात तास तासभर न अडणारे सर त्या पेटीत दर दोन वाक्यांनी थांबायला लागले.

“सुरेश, फिर से लेते हैं,” असं आतून आलं की सुरेश मान हलवायचा.

मग अँटीव्हायरस बंद करून झालं. नेट काढून झालं. छपाईचं मशीन थांबवून झालं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. नरेशजी सीडी गाडीत लावून, एसी चालू ठेवून, पहिली दोन मिनिटं ऐकायचे आणि ‘पास’ म्हणायचे. त्यामुळे खरखर असूनही आठ जूनपर्यंत बत्तीस लेक्चर पास झाले. अठ्ठावीस राहिले. दिवसाला दोन धरले तर बावीस तारखेला संपणार होते. सरांनी त्याच रात्रीचं तिकीट काढलं आणि मला दाखवलं. लहान पोर नवी चप्पल दाखवतं तसं.

नऊ तारखेला करंट इलेक्ट्रिसिटी सुरू झालं. मी बाहेर दुसरा हेडफोन लावून बसले होते. सर आत बोलत होते की सेलला स्वतःचा अंतर्गत रोध असतो, जितका जास्त करंट ओढाल तितका आत व्होल्टेज पडतो आणि बाहेर कमी मिळतो. “लोड बढ़ाया, कि टर्मिनल वोल्टेज...”

आणि गप्प. सुरेशला वाटलं कॉम्प्युटर अडकला. मी दार ओढलं. खोडकेसर घामाने निथळत डबीच्या लाल दिव्याकडे बघत बसलेले.

“ताई,” ते म्हणाले, “सहा वर्षं झाले मी हे पोरायले शिकवून राहिलो. आणि हे इथं माझ्या नाकासमोर होऊन राहिलं.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. फिजिक्सचा मास्तर, व्होल्टेज ड्रॉपवर पन्नास गणितं घालतो, आणि महिनाभर कॉम्प्युटरच्या पाया पडत बसला!

त्यांनी क्लासमधून मल्टिमीटर आणला. जोडकेबलीच्या शेवटाला साल सोलून लाल आणि काळी तार मोकळी केली. कॉम्प्युटरपाशी पाच व्होल्ट होते. केबलीच्या दुसऱ्या टोकाला, लाल दिवा बंद असताना, चार पॉइंट सहा. दिवा लावला आणि एक माईक जोडला, चार पॉइंट चार. दुसरा जोडला आणि काटा... काटा कसला, आकडा, चार पॉइंट दोनवर आला आणि थरथरायला लागला. मग त्यांनी दिवा बंद करून वर्गातला साधा काळा माईक लावला, ज्याला फँटम पॉवर लागत नाही. सुरेशने दहा मिनिटं घेतली. एकही तडतड नाही.

“माईकमध्ये खराबी नाही,” सर मला समजावून सांगत होते, मी विचारलं नव्हतं तरी. “डबीत नाही. कॉम्प्युटरात नाही. सुरुवातीची काही खरखर बफरची होती, ते सुरेशनं बरोबर केलं. राहिली ते ही. हे डबी पाच व्होल्टातूनच अठ्ठेचाळीस बनवते. दोन माईक म्हणजे करंट जास्त, आणि ही तार म्हणजे केसासारखी बारीक. सगळं वाटेतच सांडून राहिलं न.”

डबीच्या मागे वेगळ्या अ‍ॅडॅप्टरसाठी एक भोक होतं. अ‍ॅडॅप्टर खोक्यात आला होता आणि ‘यूएसबी से ही चल जाता है’ म्हणून नरेशजींच्या केबिनमध्येच राहिला होता. पण त्याचीही गरज पडली नाही. सर आणि सुरेशने मिळून टेबल ओढत खोलीच्या प्लायवूडला टेकवलं, जोडकेबल काढून टाकली, दुसरा माईक काढला आणि डबीच्या स्वतःच्या केबलीने थेट जोडणी केली. बफर परत २५६ वर. सरांनी आत बसून तेच वाक्य म्हटलं. हेडफोनमध्ये ते असं आलं की जणू ते माझ्या शेजारी बसलेत. मागून धक्का नाही, मोहरी नाही. मी टाळ्या वाजवल्या. सुरेशने बाहेर जाऊन तिघांना लिंबाची शिकंजी आणली.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. राहिलेले अठ्ठावीस लेक्चर, बावीसची गाडी, पंचवीसला अकोला. तिघांशिवाय कोणाला काही कळण्याचं कारण नव्हतं. नरेशजी एसीच्या आवाजात पहिली दोन मिनिटं ऐकत राहिले असते.

पण त्या माणसाला खाज. शिकंजी पिता पिता सर म्हणाले, “सुरेश, सत्रह नंबर लगाओ.”

सतरावं लेक्चर लागलं. सुरुवात ठीक होती. मग इलेक्ट्रॉनचा चार्ज आला. एक दशमलव छह गुणा दस की पावर, तडतड, उन्नीस. ‘माइनस’ हा शब्द तडतडीने खाल्ला होता. सुरेश हसला. मीही हसले, कारण दहाचा एकोणिसावा घात एवढा चार्ज इलेक्ट्रॉनवर बसवला तर बिचाऱ्याचं काय होईल. सर हसले नाहीत. त्यांनी अठरावं लावायला सांगितलं, मग बाविसावं. संध्याकाळ होईपर्यंत ऐकत बसले आणि एका कागदावर गेलेले शब्द लिहीत गेले.

“खोडकेसर, तो कागद फाडा,” मी म्हणाले.

“कायले?”

“कायले काय? बत्तीस पास झालेत. तुम्ही पास म्हटलं नाही, त्यांनी म्हटलंय.”

“ताई, वर्गात पोरगं हात वर करते. सर, समजलं नाही, म्हणते. हे उन्याचं पोरगं कोणाले विचारीन? ते सीडी मागे नेईन आणि परत ऐकीन. खरखर परत त्याच जागी येईन. दहादा नेलं तरी त्याच जागी. मग त्याले वाटीन आपल्यालेच समजत नाही.”

मी फार बोलले त्या दिवशी. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेऊ नका म्हणाले. उन्याच्या पोराला पुस्तक असतं म्हणाले. तुमच्या पोरीला बाप नाहीये तिकडे, हेही बोलले. ते बोलायला नको होतं. त्यांनी मान खाली घातली आणि कागदाची घडी खिशात ठेवली. मला वाटलं, विचार करतील, रात्रीत शहाणपण येईल. मास्तरांना शहाणपण येतं कुठे? ते दुसऱ्यांना वाटण्यात संपतं.

दुसऱ्या दिवशी ते नरेशजींसमोर उभे राहिले आणि सगळं सांगितलं. तार, व्होल्ट, लाल दिवा. एक विनंतीही केली. राहिलेले अठ्ठावीस आधी पूर्ण करतो, कागद द्या, रुजू होतो आणि दिवाळीच्या सुट्टीत येऊन बत्तीस परत करून देतो. मी तिथेच होते. मीही भर घातली, मी जामीन राहते म्हणाले.

नरेशजींनी सतरावं लेक्चर पहिल्यांदाच शांत खोलीत ऐकलं. मग नवीन ऐकलं. दोन्ही आवाजांमधला फरक बहिऱ्यालाही कळला असता.

“कमाल कर दिया खोडके साहब! आप तो इंजीनियर निकले,” ते मनापासून म्हणाले. मग जरा थांबून, “लेकिन अब तो मैं पुराना भेज नहीं सकता न. और जाने के बाद कौन लौटता है, मैडम? आप ही बताइए.”

कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात होती. त्यांनी खिशाला हातही लावला नाही. मोठ्या प्रेमाने अ‍ॅडॅप्टर मात्र काढून दिला, म्हणाले, आता दोन्ही माईक लावा. मला त्या क्षणी त्यांच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलून कपाटावर मारावासा वाटला. मी काय केलं? बाहेर येऊन केमिस्ट्रीची चार वाजताची बॅच घेतली.

सरांनी कॉलेजला फोन केला, महिन्याची मुदत मागितली. मिळाली नाही. दिवसाला चार लेक्चर करायचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी घसा बसला, आणि बसलेल्या घशाचा आवाज कंडेन्सर माईक जसाच्या तसा पकडतो, काही झाकत नाही. दोन दिवस बोलणंच बंद. बावीस तारखेला तिकीट रद्द करून आले. मंजिरीला त्यांनी माझ्या घरून फोन केला. मी स्वयंपाकघरात गेले, तरी ऐकू येत होतं. ते सगळं तारेचं, व्होल्टचं, उन्याच्या पोराचं समजावून सांगत होते. मग ते म्हणाले, “हो. समजलं मले. हो.” आणि ठेवला.

फोन ठेवल्यावर मी पोळी खाऊन जा म्हटलं, तर नको म्हणाले. पायऱ्या उतरताना एवढंच बोलले, “ती म्हणे, तुमचं बरोबरच असते नेहमी.”

पंचवीस जूनला सोमवार होता. मला त्या दिवशी शेडमध्ये काही काम नव्हतं, तरी मी गेले. सुरेशने पंख्याचं तोंड माझ्याकडे फिरवलं. सर आत होते, दार बाहेरून लावलेलं. नववं लेक्चर दुसऱ्यांदा चाललं होतं. मी हेडफोन लावला. भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते.

आवाज अगदी स्वच्छ होता. पान उलटल्याचं ऐकू येत होतं, टॉवेलने कपाळ पुसल्याचं ऐकू येत होतं. बरोबर अकराला, घर्षणाच्या एका साध्या गणिताच्या मध्ये, ते थांबले. त्यांच्या हातात घड्याळ होतं. पेटीत बसलेल्या माणसाला वाटतं आपण एकटे आहोत. आधी एक लांब श्वास आला. मग घशातून कसलासा आवाज आला, आणि पुन्हा श्वास, तुटक तुटक. महिनाभर आम्ही त्या आवाजातली एकेक तडतड हुडकून काढून टाकली होती. आता एका माणसाचं रडणं कुठेही न तुटता माझ्या दोन्ही कानांत येत होतं, आणि मला हेडफोन काढून ठेवण्याचंही धैर्य झालं नाही.

सुरेशचा हात माऊसवर होता. “मैडम, बंद करूँ?” त्याने हळूच विचारलं.

बंद केलं असतं तर आतला हिरवा ठिपका विझला असता आणि आम्ही ऐकतोय हे त्यांना कळलं असतं. मी मानेनेच नाही म्हटलं. सहा वर्षांपूर्वी मी त्यांना फोन केला होता आणि एक वर्ष काढा म्हणाले होते. मला माझी लाज वाटली, त्यांचा राग आला, आणि दोन्हीचा काही उपयोग नव्हता.

तीनेक मिनिटांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज आला. मग खोडकेसरांनी घसा साफ केला.

“सुरेश,” ते आतून म्हणाले, “पंखे की कुछ आवाज़ आई क्या? फिर से लेते हैं.”

“जी सर,” सुरेश म्हणाला, आणि त्याने ते सगळं पुसून टाकलं.